नव्या शहरात आल्यावर मूल शाळेत जायला तयार नसेल तर: परतीचा आराखडा कसा आखावा

घर बदललं, शहर बदललं, शाळाही बदलली. पहिले काही दिवस मूल रडत का होईना, पण शाळेत गेलं. मग एकदा ताप आला, किंवा मधे सलग सुट्ट्या आल्या, आणि त्यानंतर ते गेलंच नाही. सकाळी पोट दुखतं, मळमळतं, डोळे भरून येतात. शाळेची वेळ टळली की तासाभरात पोट बरं होतं आणि मूल खेळायला लागतं. रविवारी संध्याकाळपासून पुन्हा सगळं सुरू. तुमच्या घरी असंच काहीसं चाललं असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. मी इथे प्राथमिक शाळेच्या वयाची, म्हणजे साधारण सहा ते अकरा वर्षांची मुलं डोळ्यांसमोर ठेवली आहेत. मोठ्या मुलांच्या बाबतीत तत्त्व तेच राहतं, पण बोलणी फार वेगळी करावी लागतात.

आधी एक फरक लक्षात घ्या. रडत, कुरकुरत पण रोज शाळेत जाणारं मूल अजून रुळतंय. त्याला वेळ द्या, आराखडा वगैरे काही नको. दांडी मारणारं मूल घरच्यांपासून लपवतं. शाळा नाकारणारं मूल मात्र तुमच्या नजरेसमोर, घरातच असतं आणि खरोखर घाबरलेलं असतं. त्याचं पोट खोटं दुखत नाही. भीतीने पोट दुखतं, हे शरीराचं साधं काम आहे.

घरी राहिल्याने भीती का वाढते

सकाळी साडेसातला भीती टोकाला पोचलेली असते. तुम्ही म्हणता, "बरं, आज राहू दे." त्या क्षणी मुलाला जो सुटकेचा श्वास मिळतो, तोच सगळ्या गुंत्याचं मूळ आहे. त्याच्या मनात दोन गोष्टी पक्क्या होतात: शाळा खरंच धोकादायक होती, आणि आपण वाचलो ते घरी थांबल्यामुळे. शाळेत जाऊन, घाबरून, अर्ध्या तासाने आपोआप शांत होण्याचा अनुभव त्याला मिळतच नाही. म्हणून पुढची सकाळ आणखी अवघड जाते. त्यात रोज अभ्यास मागे पडत जातो आणि वर्गातली मैत्रीची टोळकी त्याच्याविना जमून जातात, म्हणजे न परतायला नवी खरी कारणंही तयार होतात.

शहर बदललेल्या मुलाचं आणखी एक असतं. जुन्या शाळेत त्याला भीती वाटली तरी आधाराला मित्र, ओळखीची बाई, ठरलेला बाक होता. इथे तो आधार शून्यातून उभा करायचा आहे. घरातही सगळे नवखे आणि थकलेले असतात, आणि मुलाला ते कळतं. कधी कधी त्याला शाळेपेक्षा घरच्या माणसांचीच काळजी जास्त वाटत असते.

अनुपस्थिती तीन-चार दिवसांचीच असेल तर पायऱ्या आखत बसू नका. दुसऱ्याच दिवशी पूर्ण वेळ शाळेत न्या, सोबत शाळेशी बोलून ठेवा. दोन-तीन आठवडे उलटून गेले असतील तर एकदम पूर्ण दिवस बहुधा झेपत नाही. पुढचं सगळं त्या परिस्थितीसाठी आहे.

पहिलं पाऊल: डॉक्टर, पण एकदाच

पोटदुखी किंवा डोकेदुखी असेल तर बालरोगतज्ज्ञांकडून एकदा नीट तपासणी करून घ्या. दुखण्याने रात्री झोपेतून जाग येणं, वजन घटणं, ताप, वारंवार उलट्या, शौचातून रक्त जाणं, सुट्टीच्या दिवशीही तेवढंच दुखणं, ही लक्षणं असतील तर आजार शोधायलाच हवा. यातलं काही नसेल आणि दुखणं शाळेच्या सकाळींपुरतंच असेल, तर डॉक्टरांकडून मुलासमोर स्पष्ट म्हणवून घ्या: "तुझं पोट दुखतं हे खरं आहे. काळजीने दुखतं. अशा पोटाने शाळेत गेलं तरी चालतं." त्यानंतर दर आठवड्याला नवी तपासणी नको. प्रत्येक तपासणीतून मुलाला एकच कळतं, की आईबाबांनाही अजून शंका आहे.

दुसरं पाऊल: मूल नेमकं काय टाळतंय

"तुला शाळेत का जायचं नाही?" या प्रश्नाला मुलं "माहीत नाही" म्हणतात, आणि ते प्रामाणिक उत्तर असतं. ख्रिस्तोफर कर्नी आणि वेंडी सिल्व्हरमन या मानसशास्त्रज्ञांनी १९९०च्या सुमारास शाळा नाकारण्यामागच्या हेतूंचे चार गट मांडले. आजही समुपदेशक त्यांचा आधार घेतात. शाळेतल्या एखाद्या गोष्टीने येणारी अस्वस्थता टाळणं, हा पहिला गट. लोकांसमोर बोलणं, परीक्षा, एकटं पडणं असे प्रसंग टाळणं, हा दुसरा. तिसरा, घरच्या माणसाजवळ राहणं. चौथा, घरी जे मजेचं मिळतं ते हवं असणं. एकाच मुलात दोन-तीन हेतू मिसळलेले असतात. पण मुख्य कोणता, यावर उपाय ठरतो. एकटं पडण्याची भीती असलेल्या मुलाचा टीव्ही बंद करून प्रश्न सुटणार नाही, त्याला वर्गात एक सोबती मिळवून द्यावा लागेल.

हे शोधायची माझी आवडती रीत म्हणजे दिवसाचा नकाशा. संध्याकाळी, शांत वेळी, कागदावर शाळेचा दिवस चित्रासारखा काढा: उठणं, गणवेश, प्रवास, फाटक, जिना, वर्ग, हजेरी, एकेक तास, मधली सुट्टी, स्वच्छतागृह, शेवटचा तास, घरी येणं. प्रत्येक जागी मुलाला शून्य ते दहा यातला आकडा घालायला सांगा. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे पळून जावंसं वाटतं. तुम्ही मत देऊ नका, "एवढं काय त्यात" तर मुळीच म्हणू नका. आकडे नेहमी अपेक्षेपेक्षा वेगळे निघतात.

एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच धरून चालू. नऊ वर्षांची, चौथीतली मुलगी. वर्ष अर्धं झाल्यावर शहर बदललं. दोन आठवडे शाळेत गेली, मग ताप आला आणि त्यानंतर तीन आठवडे घरीच आहे. आईबाबांना वाटत होतं की तिला गणित जड जातंय. नकाशात मात्र आकडे असे आले: गणवेश घालताना सहा, बस चार, फाटक सात, वर्ग पाच, गणित चार, मधली सुट्टी नऊ, स्वच्छतागृह आठ, शेवटचा चित्रकलेचा तास दोन. हळूहळू कळलं ते असं: मधल्या सुट्टीत बाकीच्या मुली आपापल्या भाषेत भराभर बोलतात, हिला पटकन कळत नाही, म्हणून ती एकटी डबा खाते. स्वच्छतागृह कुठे आहे हे एकदा तिला विचारता आलं नव्हतं, तेव्हापासून ती दिवसभर पाणीच पीत नव्हती. गणिताची शिकवणी लावली असती तर पैसे आणि महिना दोन्ही वाया गेले असते.

नकाशात मारहाण, चिडवणं, धमकी किंवा कुणा मोठ्या माणसाचं वाईट वागणं समोर आलं, तर पायऱ्यांचा आराखडा तिथेच थांबवा. खऱ्या धोक्याची सवय करायची नसते, तो आधी दूर करायचा असतो. शाळेने काय पावलं उचलली हे लेखी घ्या आणि मगच परतीचं बोला. लिहिता-वाचताना मूल सतत वयाच्या मागे पडत असेल तर अध्ययन अक्षमतेची तपासणीही करून घ्या. नव्या शाळेत ही अडचण पहिल्यांदा उघडी पडते, असं बऱ्याचदा होतं.

तिसरं पाऊल: शाळेशी बैठक

या बैठकीला मूल नको. वर्गशिक्षिका, शाळेत समुपदेशक असतील तर ते, आणि वेळापत्रकात सवलत देऊ शकेल अशी एक अधिकारी व्यक्ती, एवढी माणसं हवीत. नुसत्या वर्गशिक्षिकेने "चालेल" म्हटलं आणि उशिरा आलेल्या मुलाला फाटकावरच परत पाठवलं, तर आठवड्याची मेहनत एका मिनिटात जाते. म्हणून फाटकावरच्या माणसापर्यंत निरोप पोचेल हेही ठरवून घ्या.

तीन गोष्टी मागा. पहिली, मुलाला दारात घ्यायला येणारी एकच ठरलेली व्यक्ती, आणि ती रजेवर असेल तर दुसरी कोण हेही. दुसरी, भीती अनावर झाली तर दहा मिनिटं बसायला एक जागा. ग्रंथालयाचा कोपरा चालेल. आजारी मुलांची खोली शक्यतो नको, कारण तिथून घरी फोन जातो. तिसरी, बुडालेल्या अभ्यासाची माफी. सगळ्या वह्या पूर्ण करून या, असा हट्ट असेल तर मूल परतणारच नाही. या महिन्यात काय गाळायचं ते शिक्षिकेने मुलाला स्वतः सांगावं. आल्यावर वर्गासमोर स्वागत, टाळ्या, "इतके दिवस कुठे होतीस" हे काही होऊ नये, ही विनंतीही करा. वर्गातल्या मुलांना काय सांगायचं याचं एक छोटं वाक्य मुलासोबत घरी तयार ठेवा: "मला बरं नव्हतं, आता बरी आहे."

चौथं पाऊल: शाळेच्या वेळात घर

आराखडा सुरू होईपर्यंत आणि अर्ध्या दिवसांच्या काळातही, शाळेच्या वेळात घर शाळेसारखंच असावं. उठायची वेळ तीच. आंघोळ, गणवेश, टेबलाशी बसून अभ्यास किंवा वाचन. मोबाइल, टीव्ही, खेळ, बाहेर फिरणं हे सगळं शाळा सुटण्याच्या वेळेनंतर. ही शिक्षा नाही आणि तशी वाटूही देऊ नका. आवाज चढवायचा नाही, टोमणे मारायचे नाहीत. फक्त शाळेच्या वेळात घर शाळेपेक्षा जास्त मजेचं असता कामा नये. तिसऱ्या गटाच्या मुलाच्या बाबतीत, म्हणजे ज्याला आई किंवा बाबा जवळ हवे असतात, आणखी एक काळजी घ्यावी लागते: त्या तासांत गप्पा आणि जवळीक मुद्दाम कमी ठेवायची आणि संध्याकाळी भरभरून द्यायची.

जुन्या गावच्या मित्रांशी फोन जरूर होऊ द्या, पण संध्याकाळी. आणि "नाहीच जमलं तर आपण परत जाऊ" हे वाक्य, ते खरं नसेल तर, कुणीही बोलू नये. आजी-आजोबांनीही नाही. परतायची वाट उघडी आहे असं वाटतं तोवर मूल इथे मैत्री करायला हात पुढे करत नाही.

पाचवं पाऊल: पायऱ्या

बहुतेक घरं इथे एकच चूक करतात. सकाळी मुलाला नेतात आणि सांगतात, "जमेल तेवढं थांब, नाही जमलं तर फोन कर, मी येते." मग मूल वर्गात बसून एकच गोष्ट करतं: आपल्याला जमतंय का, हे दर मिनिटाला तपासतं. भीती वाढते, फोन होतो, आई येते, सुटका होते. म्हणजे घरी जे घडत होतं तेच आता शाळेत घडू लागतं.

म्हणून नियम असा: घरी जायची वेळ घड्याळ ठरवेल, भीती नाही. त्यासाठी दिवसाच्या शेवटाकडून सुरुवात करणं मला सर्वांत सोयीचं वाटतं. मूल शेवटच्या तासाला येतं आणि सगळ्यांबरोबर सुटतं. कुणी "लवकर का चाललीस" विचारत नाही, मधेच पळ काढल्याची सवय लागत नाही, आणि रोज दिवस संपतो तो "पूर्ण झाला" या भावनेने. मग शाळेत येण्याची वेळ हळूहळू मागे सरकवत न्यायची. शेवटचा तास मुलाला सगळ्यांत नकोसा असेल, तर मात्र पहिल्या तासापासून सुरू करा आणि निघायची वेळ आधीच ठरवा.

आपल्या चौथीतल्या मुलीचा आराखडा असा बसला. पहिल्या आठवड्यात सोमवारी फक्त गणवेश घालून, दप्तर घेऊन फाटकापर्यंत जाऊन येणं. मंगळवारी आणि बुधवारी शाळा सुटल्यावर, रिकाम्या इमारतीत, वर्गशिक्षिकेसोबत फेरी: आपला बाक, जिना, पाण्याची जागा आणि स्वच्छतागृह. तिथे ती आत जाऊन, दार लावून, नळ सोडून आली, कारण भीती तिथेच होती. गुरुवारी आणि शुक्रवारी शेवटचा चित्रकलेचा किंवा हस्तकलेचा तास. फाटकावर ठरलेल्या बाई उभ्या होत्या.

दुसऱ्या आठवड्यात दोन दिवस शेवटचा तास, मग तीन दिवस शेवटचे दोन तास. याच आठवड्यात शिक्षिकेने तिच्या शेजारी एक शांत, बोलकी पण भरभर न बोलणारी मुलगी बसवली. हे शिक्षिकेच्या नजरेनेच होतं, आईबाबांना ते जमत नाही. एका शनिवारी ती मुलगी तासभर घरी खेळायला आली. नव्या शहरात आलेल्या मुलासाठी या एका तासाचं मोल फार आहे. मधल्या सुट्टीची भीती मधल्या सुट्टीत सुटत नाही. ओळख आधी बाहेर झालेली असावी लागते.

तिसऱ्या आठवड्यात मधल्या सुट्टीनंतरचे सगळे तास. गुरुवारपासून ती सुट्टीची शेवटची दहा मिनिटं असताना आली आणि ग्रंथालयात त्या मैत्रिणीसोबत बसली. स्वच्छतागृहाची पायरी वेगळी चालू होती: आधी तास चालू असताना, गर्दी नसताना, मग सुट्टीत मैत्रिणीसोबत. चौथ्या आठवड्यात पूर्ण मधली सुट्टी आणि तिच्या आधीचा एक तास. पाचव्या आठवड्यात सोमवारी-मंगळवारी आणखी एक तास, आणि बुधवारी पूर्ण दिवस. पूर्ण दिवसाची सुरुवात मुद्दाम बुधवारी ठेवली. तीन दिवस झाले की सुट्टी येते आणि मुलाला पल्ला दिसतो.

आठवड्याचा आराखडा रविवारी दुपारी मुलासमोर लिहा. वेळा लिहिलेल्या हव्यात. पायरी कशी पार करायची यात मुलाचं मत घ्या: कुठल्या दाराने जायचं, दप्तरात कोणतं पुस्तक असावं. पायरी करायची की नाही, यात नाही. बक्षीस द्यायचं तर छोटं आणि त्याच दिवशी द्या: संध्याकाळी एक जास्तीचा खेळ, एक जास्तीची गोष्ट. "महिनाभर गेलीस तर सायकल" हे या वयात दूरचं वाटतं आणि एक दिवस चुकला की मूल सगळंच सोडून देतं.

सकाळ आणि दार

सकाळी वाटाघाटी नकोत. रात्री कपडे, दप्तर, डबा तयार. सकाळी सूचना कमीत कमी आणि एकेक: "आता बूट." मूल म्हणेल, "आज नको, उद्या नक्की." उत्तर एकच: "तुला भीती वाटतेय, मला दिसतंय. आज शेवटचा तास आहे, आपण जातोय." ते दहादा म्हणालं तरी तेच वाक्य, त्याच आवाजात. प्रत्येक वेळी नवं कारण, नवी समजूत दिलीत की मुलाला वाटतं, निर्णय अजून झालेला नाही.

सोडायला घरातलं जे माणूस जास्त शांत राहू शकतं त्याने जावं. दारात निरोप मिनिटभराच्या आत. मूल रडत असलं तरी हात ठरलेल्या बाईंच्या हातात द्या, "सुटताना मी इथेच असेन" म्हणा आणि निघा. खिडकीतून डोकावू नका. वीस मिनिटांनी शाळेने एक संदेश पाठवायचा, एवढं आधीच ठरवा. बहुतेक संदेश "आता बसली आहे, ठीक आहे" असेच असतात. मुलाला उचलून, ओढत गाडीत कोंबू नका. त्याने भीती वाढते आणि विश्वास जातो.

दिवस फसला तर

फसेलच. आपल्या मुलीने दुसऱ्या आठवड्यात गुरुवारी फाटकावर बसकण मारली. त्या दिवशी पायरी लहान केली पण शून्य केली नाही: दोन तासांऐवजी ती ग्रंथालयात वीस मिनिटं बसली, शिक्षिकेने तिथेच एक चित्र करून घेतलं आणि ती सगळ्यांबरोबर सुटली. शुक्रवारी पुन्हा मूळची पायरी. संध्याकाळी त्यावर भाषण झालं नाही. एकच पायरी सलग तीन दिवस फसली तर ती मोठी आहे. तिचे दोन भाग करा, किंवा नकाशा पुन्हा काढा, कारण काहीतरी नवं घडलेलं असू शकतं. उलट बाजूही पाहा: एका पायरीवर मूल निवांत झालं की तिथेच रेंगाळू नका. अर्ध्या दिवसावर सगळ्यांनाच बरं वाटू लागतं, शाळेलाही, आणि मग महिने तसेच जातात. म्हणून पूर्ण दिवसाची तारीख सुरुवातीपासून कागदावर असावी. ती आठवडाभर सरकली तर चालेल, पुसली जाऊ नये.

काही वेळा हे सगळं घरच्या आवाक्याबाहेरचं असतं. मूल खेळणंही सोडून देतं, झोप आणि भूक उडते, मरण्याबद्दल किंवा स्वतःला इजा करण्याबद्दल बोलतं, शाळेबाहेरही सतत घाबरलेलं असतं, किंवा नीट राबवलेल्या आराखड्याला तीन-चार आठवड्यांत काहीच हालचाल दिसत नाही. अशा वेळी बाल मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. मरणाचा किंवा इजेचा उल्लेख झाला असेल तर त्याच दिवशी, आणि तोवर मुलाला एकटं ठेवू नका.

पूर्ण दिवस सुरू झाल्यावरही पुढचे दोन-तीन महिने काही सकाळी जपाव्या लागतात: मोठ्या सुट्टीनंतरची पहिली, आजारपणानंतरची पहिली, आणि नव्या वर्गाची पहिली. या मुलीच्या घरी त्यासाठी ठरलं ते असं: सुट्टी संपण्याच्या दोन दिवस आधी झोपेची वेळ शाळेची करायची, आदल्या दिवशी त्या मैत्रिणीला भेटायचं, आणि ठरलेल्या बाईंना सकाळी फाटकावर उभं राहायला आधीच सांगून ठेवायचं. तापाने घरी राहिली तर ताप उतरल्यावर चोवीस तासांनी शाळा, "आणखी एक दिवस विश्रांती" नाही.